मिश्रणानंतरचे दोन तास

रक्त उशिरा गोठण्याची दोन कारणं असू शकतात, आणि तपासणीच्या पहिल्या आकड्यात ती दोन्ही सारखीच दिसतात. एक तर गुठळी तयार करणारा एखादा घटक रक्तात कमी असतो. किंवा घटक शरीरात तयार होत असतो, पण रक्तातच फिरणारा कुणी विरोधक त्याला काम करू देत नाही. उणीव असेल तर बाहेरून भर घालता येते. विरोधक असेल तर घातलेली भरही तोच गिळतो. या दोहोंतला फरक ओळखण्याची जी रीत आहे ती इतकी साधी आहे, की मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा स्वयंपाकघरातलीच वाटली: रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि काय होतं ते पाहायचं.

माझी मावशी बडोद्याला असते, वय एकाहत्तर. गेल्या हिवाळ्यात तिच्या हातांवर आणि मांडीवर काळेनिळे चट्टे उठले. ती कुठे पडली नव्हती की आपटली नव्हती. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं. प्लेटलेट व्यवस्थित, प्रोथ्रॉम्बिन टाइम व्यवस्थित, फक्त ए.पी.टी.टी. ८४ सेकंद. त्या प्रयोगशाळेत २६ ते ३६ सेकंद ही निरोगी माणसाची वेळ. मावसभाऊ सगळे रिपोर्ट मला पाठवायचा. "ताई, तुला शब्द कळतात," हे त्याचं कारण. मी अनुवाद करते. शब्द कळण्याआधी ती गोष्ट कशी घडते ते कळावं लागतं, म्हणून मी विचारत गेले.

या तपासणीसाठी रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यातलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे गोठण्याची साखळी थांबून राहते. नळी फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतात. त्यात फॉस्फोलिपिड आणि सिलिकासारखा एखादा चेतवणारा पदार्थ घालून काही मिनिटं ३७ अंशांवर ठेवतात. मग कॅल्शियम परत देतात आणि त्या क्षणी घड्याळ सुरू करतात. गुठळी झाली की घड्याळ थांबतं. ८४ सेकंद म्हणजे उशीर झाला, एवढंच त्यातून कळतं.

आधी नळीवरच संशय घ्यायचा असतो. ती अर्धवट भरली असेल तर सायट्रेट जास्त पडतं आणि वेळ उगाच लांबते. सलाइनच्या नळीतून रक्त घेतलं असेल तर त्यात हेपारिन मिसळलेलं असू शकतं. म्हणून मावशीचं रक्त दुसऱ्या हातातून नव्याने घेतलं. थ्रॉम्बिन टाइम पाहिला. हेपारिन असतं तर तो लांबला असता. तो नेहमीसारखा होता.

मग मिश्रण झालं. निरोगी प्लाझ्मा अनेक दात्यांचा एकत्र केलेला असतो, म्हणजे त्यात प्रत्येक घटक जवळपास शंभर टक्के असतो. रुग्णात एखादा घटक अगदी शून्य असला तरी निम्म्या मिश्रणात तो पन्नास टक्के होतो, आणि घड्याळाला तेवढा पुरतो. वेळ जवळपास पूर्ववत आली तर उणीव, न आली तर विरोधक, असा हा हिशेब. मावशीच्या मिश्रणाची वेळ ३६ सेकंद आली. रिपोर्टवर लिहिलं होतं: 'करेक्टेड'. खाली 'घटकाची उणीव असण्याची शक्यता'.

भाऊ म्हणाला, "म्हणजे प्लाझ्मा चढवला की झालं ना?" प्लाझ्मा चढवला. वेळ थोडी खाली आली आणि पुन्हा वर गेली. मांडीवरचा चट्टा गुडघ्यापर्यंत उतरला.

दुसऱ्या रुग्णालयातल्या रक्तविकारतज्ज्ञ गुजराती, पण बडोद्याच्या सवयीने मराठीत बोलणाऱ्या. त्यांनी मावशीला आधी जुन्या गोष्टी विचारल्या. तीन बाळंतपणं झाली, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा रक्त जास्त गेलं होतं का? "छे हो," मावशी म्हणाली. जन्मजात उणीव सत्तर वर्षं आणि एक ऑपरेशन गप्प बसण्याची शक्यता फार कमी. मग त्यांनी रिपोर्ट पाहून मला एकच प्रश्न विचारला: "मिसळल्यावर किती वेळाने पाहिलं?"

लगेच पाहिलं होतं. आणि इथेच खरी मेख होती. काही विरोधक लगेच काम करतात. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाचं प्रतिपिंड तपासणीतल्या फॉस्फोलिपिडलाच अडवतं, त्यामुळे मिश्रण बहुधा पहिल्या मिनिटापासून लांबलेलंच राहतं. (त्या नावाइतकं फसवं नाव मी क्वचित पाहिलं: ते असलेल्या बहुतेकांना ल्युपस नसतो, आणि नळीत गोठणं लांबवणारं हे प्रतिपिंड शरीरात उलट गुठळ्या होण्याचा धोका वाढवतं.) पण घटक आठविरुद्धचं प्रतिपिंड संथ असतं. निरोगी प्लाझ्मातला घटक आठ निकामी करायला त्याला शरीराएवढी ऊब आणि तासा-दोन तासांचा अवधी लागतो.

म्हणून पुन्हा तीन नळ्या मांडल्या. पहिलीत मिश्रण करून ती दोन तास ३७ अंशांवर ठेवली. दुसरीत मावशीचा प्लाझ्मा आणि तिसरीत निरोगी प्लाझ्मा वेगवेगळे तेवढाच वेळ, तेवढ्याच उबेत ठेवले. हे वेगळं ठेवणं मला आधी कळेना. डॉक्टर म्हणाल्या, "घटक आठ नाजूक असतो, नुसत्या उबेनेही थोडा झिजतो. झीज किती आणि विरोध किती, ते वेगळं नको काढायला?" दोन तासांनी वेगवेगळे ठेवलेले प्लाझ्मा मिसळून लगेच वेळ घेतली: ३९ सेकंद. एकत्र ठेवलेल्या मिश्रणाची वेळ: ६१. ऊब तीच, अवधी तोच. फरक इतकाच, की एका नळीत दोघे दोन तास एकत्र होते. ३९ आणि ६१ यांच्यामधलं अंतर हे त्या विरोधकाचं काम.

मिश्रण दिशा दाखवतं, नाव सांगत नाही. नावासाठी घटक एकेक मोजावे लागतात. मावशीचा घटक आठ २ टक्के होता आणि प्रतिपिंडाचं प्रमाण १८ बेथेस्डा एकक. एक एकक म्हणजे दोन तासांत निम्मा घटक आठ निकामी करणारी मात्रा. इथेही माप ठरवताना ते दोन तास धरलेलेच आहेत. निदान झालं: अर्जित हिमोफिलिया. हा विरळा आजार बहुधा उतारवयात किंवा बाळंतपणानंतर होतो, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही.

उपचार त्यावरून बदलले. प्लाझ्मा थांबला. घटक आठला वळसा घालून गुठळी करणारं सक्रिय घटक सातचं औषध दिलं, आणि प्रतिपिंड बनणंच थांबावं म्हणून स्टिरॉइड सुरू झालं. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. विरोधक फार जोरदार असेल तर पहिलंच मिश्रण लांबतं आणि ल्युपसवाल्यासारखं दिसतं. फार क्षीण असेल तर निम्म्या पाण्यात साखर हरवावी तसा हरवतो. म्हणून आकड्याशेजारी रुग्णाला रक्तस्राव होतो आहे की नाही, हेही पाहावं लागतं.

मावशीने सगळं मराठीत लिहून मागितलं. 'करेक्टेड'साठी 'सुधारलं' लिहायला माझा हात धजेना. मी लिहिलं: "मिसळल्याबरोबर पाहिलं तेव्हा वेळ जवळपास ठीक होती, दोन तास एकत्र ठेवल्यावर पुन्हा लांबली." मावशीने ते वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे पाहुणा घरात आल्या आल्या भांडण झालं नाही, दोन तास बसल्यावर झालं." तिसऱ्या महिन्यात तिची वेळ ३३ सेकंदांवर आली. स्टिरॉइड कमी करत आणताहेत; प्रतिपिंड परत येऊ शकतं, म्हणून ठरावीक दिवसांनी निळ्या टोपणाची नळी अजून भरावी लागते.