बाबांची नोव्हेंबरातली सही

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाने ‘दूर राहून आई-बाबांची काळजी’ या विषयावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. समोर जर्मनीत नोकरी करणारी माझ्यासारखी पंधरा-वीस मुलं होती आणि उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले काहींचे आई-बाबाही होते. मी अ‍ॅप्सची यादी काढून ठेवली होती. ऐन वेळी ती बाजूला ठेवली आणि बाबांच्या हयातीच्या दाखल्याची गोष्ट सांगितली.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी दर नोव्हेंबरात कोषागाराकडून बँकेत येते. आपल्या नावापुढे सही करायची, की आपण जिवंत असल्याची नोंद होते. सही राहिली तर पेन्शन थांबते. बाबा एकाहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, आणि बँक साताऱ्यात, म्हणजे एसटीने तासभर. मला हा प्रकार अडाणीपणाचा वाटायचा. चेहरा दाखवून घरबसल्या दाखला काढता येत असताना माणसाने रांगेत का उभं राहायचं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी हे काम काढलं. आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आणि बाबांच्या फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप. आधी ऑपरेटरची नोंदणी लागते, म्हणून आई ऑपरेटर झाली. ओटीपी, मग तिचा चेहरा. त्यानंतर बाबांचा आधार क्रमांक आणि पुन्हा ओटीपी. मग आला तो फॉर्म: पेन्शन मंजूर करणारं कार्यालय कोणतं, देणारी यंत्रणा कोणती, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक.

‘देणारी यंत्रणा’पाशी बाबा म्हणाले, “कोषागार टाक.”

“अहो बाबा, पैसे कुठून येतात? बँकेतूनच ना? मग बँक.”

“बँक नुसती वाटते रे. पेन्शन कोषागाराची.”

मी ‘बँक’ निवडायला लावलं. रोज दुसऱ्यांचे फॉर्म डिझाइन करणारा माणूस मी, मला कोण शिकवणार?

चेहऱ्याला खूप वेळ लागला. बाबांच्या मागे ट्यूबलाइट होती, त्यामुळे चेहरा काळा पडत होता. आईने त्यांना दिव्याकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढला. अ‍ॅप पापण्या मिटायला सांगतं, बाबा डोळे घट्ट मिटून बसायचे. सातव्या वेळी जमलं. स्क्रीनवर प्रमाण आयडी आला आणि मी इकडे टाळ्या वाजवल्या. बाबा फक्त म्हणाले, “झालं का? जेवायचंय.”

दाखला तयार झाला म्हणजे तो स्वीकारला गेला, असा माझा समज होता. तसं नसतं. तो पेन्शन देणाऱ्या यंत्रणेकडे जातो आणि माहिती जुळली नाही तर तिथे नाकारला जातो. दोन-तीन आठवड्यांनी मला आठवलं म्हणून मी आईला बाबांच्या फोनमधले मेसेज वाचायला लावले. तिने वाचलं: नाकारला. महिना संपायला चार दिवस होते. मला घाम फुटला.

बाबांनी फोन घेतला. “अरे, मी तीन तारखेलाच सही करून आलोय.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू एवढा खूश झाला होतास.”

हळूहळू बाकीचं कळलं. खात्यातली पाच-सहा जुनी माणसं दर वर्षी ठरवून एकाच दिवशी सहीला जातात. बँकेनंतर स्टँडजवळ मिसळ खायची, यादीत कोणाचं नाव गळलं ते बघायचं. गेल्या वर्षी त्यांच्यातले एक नव्हते. बाबांना सही टाळायचीच नव्हती, आणि मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना खरी अडचण वेगळी होती. सकाळच्या एसटीत बसायला जागा मिळत नाही आणि उभं राहून गुडघा धरतो. आता त्या दिवसासाठी मी गावातल्या एकाची गाडी सांगून ठेवतो. येताना मित्रांनाही घरी सोडता येतं.

मंडळात हे सांगताना ‘तू एवढा खूश झाला होतास’ या वाक्याला मागच्या रांगेतले आई-बाबा मोठ्याने हसले. त्यांची मुलं त्यांच्याकडे वळून बघत होती. चहाच्या वेळी एक काकू मला हळूच म्हणाल्या की मुलाने त्यांच्यासाठी किराणा घरपोच मागवायची सोय केली आहे, आणि त्या तरीही रोज संध्याकाळी वाण्याकडे जातात. “मुलाला बोलू नकोस हं,” त्या म्हणाल्या. मुलगा शेजारीच कप घेऊन उभा होता.

यंदा तीन तारखेला मी ऑफिसला जायच्या तयारीत असताना बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मिसळीची ताटली आणि अनोळखी पांढऱ्या मिशा. “हा बघा, हाच तो,” बाबा कोणाला तरी सांगत होते, “ह्यानेच बँक टाकलं होतं.”