सहा गुणांखालचा भाजक

दोन अध्यापन पद्धतींची तुलना करणाऱ्या प्रबंधांत बहुधा एक ठरावीक वाक्य आढळते: प्रायोगिक गटाची, म्हणजे नव्या पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांची, सरासरी नियंत्रित गटापेक्षा सहा गुणांनी अधिक आली आणि हा फरक ०.०५ स्तरावर सार्थ ठरला. या वाक्यातून फरक निव्वळ योगायोगाचा नसावा एवढे कळते. तो किती मोठा, हे मात्र कळत नाही, कारण ज्या परीक्षेत सारेच विद्यार्थी पन्नासच्या आसपास घोटाळतात तेथील सहा गुण आणि ज्या परीक्षेत कोणी वीसवर थांबतो तर कोणी नव्वदी गाठतो तेथील सहा गुण यांचे मोल एक नसते.

गुणांच्या या विखुरलेपणाचे माप म्हणजे प्रमाण विचलन. विद्यार्थ्यांचे गुण सरासरीपासून सर्वसाधारणपणे किती दूर पडतात, हे ते सांगते. दोन सरासरींतील फरकाला प्रमाण विचलनाने भागले की जो एककरहित आकडा मिळतो, त्याला परिणाम-आकार किंवा इफेक्ट साइझ म्हणतात, आणि त्याचे सर्वांत प्रचलित रूप अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या नावाने ‘कोहेनचा डी’ म्हणून ओळखले जाते.

समजा, एका प्रयोगात प्रत्येकी ३० विद्यार्थ्यांचे दोन गट आहेत, सरासरी ५८ आणि ५२ असून प्रमाण विचलने अनुक्रमे ८ आणि १० आहेत. गट सारख्या संख्येचे असल्याने दोन्ही विचलनांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यावे: ६४ आणि १०० यांची सरासरी ८२, तिचे वर्गमूळ सुमारे ९.०६, आणि ६ भागिले ९.०६ म्हणजे ०.६६. गुणांचे वितरण घंटाकृती असेल तर याचा अर्थ असा की नव्या पद्धतीचा सरासरी विद्यार्थी जुन्या पद्धतीच्या साधारण ७५ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे आहे. दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक गटात ३०० विद्यार्थी आहेत, फरक तोच सहा गुणांचा, पण दोन्ही गटांचे विचलन २० आहे. तेथे परिणाम-आकार ०.३० इतकाच भरतो. तरीही सार्थता तपासणारे टी-मूल्य पहिल्या प्रयोगात सुमारे २.६ आणि दुसऱ्यात सुमारे ३.७ येते, कारण ते विद्यार्थिसंख्येबरोबर वाढत जाते. टी-मूल्य मोठे म्हणून पद्धत अधिक परिणामकारक, हा निष्कर्ष येथे सपशेल उलटा पडतो. अर्थात पहिल्या प्रयोगातील ०.६६ हाही ठाम आकडा नव्हे. लहान गटांमुळे त्याची ९५ टक्के विश्वास-कक्षा सुमारे ०.१४ पासून १.१८ पर्यंत पसरते, आणि ही कक्षा न देता केवळ आकडा छापणे हे अर्धेच काम होय.

खरी गफलत मात्र भाजकात होते. प्रयोगासाठी केवळ हुशार तुकडी निवडली तर गुणांचा पसारा आक्रसतो, भाजक लहान होतो आणि पद्धतीत काडीचाही बदल न होता परिणाम-आकार फुगतो. म्हणून भाजक कोणत्या गटाचा, याचा उल्लेख प्रबंधात असलाच पाहिजे. नवी पद्धत स्वतःच गुणांचा पसारा बदलत असेल तर जीन ग्लास यांनी सुचवल्याप्रमाणे केवळ नियंत्रित गटाचे विचलन वापरणे अधिक सयुक्तिक ठरते. अंशाकडेही तितकेच लक्ष हवे: जे घटक नव्या पद्धतीत घोटून घेतले नेमक्या त्यांवरच संशोधकाने स्वतः प्रश्नपत्रिका काढली, तर येणारा परिणाम-आकार सर्वसाधारण परीक्षेतील परिणामापेक्षा बहुधा मोठा असतो.

कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा असे ढोबळ टप्पे दिले, पण दुसरा आधार नसेल तेव्हाच ते वापरावेत असेही बजावले. प्रबंधांनी पहिले घेतले, दुसरे सोडले. मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडेन यांनी केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून स्थानिक तरुणींनी पायाभूत वाचन-गणित शिकवण्याच्या या योजनेत शाळांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने केली होती, आणि भाजक म्हणून तुलनागटाच्या पूर्वचाचणीतील विचलन घेतले होते. पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ असा परिणाम आला. कोहेन यांच्या टप्प्यांवर हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु ते संपूर्ण वर्गाच्या सरासरीचे आहेत आणि वाढ मुख्यत्वे बालसखीकडे गेलेल्या मुलांमध्येच झाली होती, म्हणजे त्या मुलांपुरता परिणाम याहून मोठा होता. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने मोजणी केली तेव्हा तो सुमारे ०.१० वर उतरलेला होता, आणि प्रयोग संपताच एकच उत्तरचाचणी घेऊन थांबणाऱ्या अभ्यासांना ही घसरण कधीच दिसत नाही.