एक 'हॅड' पुरे

संपादकबाईंनी फोनवर विषय दिला तो असा: 'आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत गोष्ट कशी सांगावी, सोप्या युक्त्या द्या.' मी पंचवीस वर्षं हेच शिकवतो, त्यामुळे 'युक्त्या' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण एक मुलगी अजून डोक्यात बसून आहे, म्हणून हो म्हटलं.

परीक्षेचा हा भाग दिसायला साधा. समोर परीक्षक, हातात एक कार्ड: आठवणीत राहिलेल्या एका प्रसंगाचं वर्णन करा, तो कधी घडला, कुठे, काय झालं आणि का लक्षात राहिला ते सांगा. विचाराला एक मिनिट, सोबत कागद-पेन्सिल. मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतात आणि त्याच विषयावर एखादा छोटा प्रश्न विचारतात. एवढंच. पालकांना मात्र वाटतं, इथे ॲक्सेंट तपासतात. गोऱ्या माणसासारखं बोलायची कुणीही सक्ती करत नाही. बोलण्याचा ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार अशा चार गोष्टींना सारखंच वजन असतं, आणि उच्चारात बघतात ते बोललेलं समजतंय का.

ही मुलगी सांगलीची, गावभागातली. फार्मसी झालेली, बाहेर जायचं तर बोलण्यात सात हवे होते, पडले सहा. निकालाच्या कागदावर बोलण्याचा एकच आकडा येतो. चारपैकी कशात मार खाल्ला ते कुणी सांगत नाही. म्हणून मी तिला म्हटलं, परीक्षेत जे बोललीस तेच पुन्हा बोल. तिने ऑगस्ट 2019 चा महापूर सांगितला. ऐका.

'इन 2019, फ्लड हॅड कम टु सांगली. वॉटर हॅड एंटर्ड अवर हाउस. वी हॅड गॉन टु द फर्स्ट फ्लोअर. देन बोट हॅड कम. माय ग्रँडमदर हॅड रिफ्यूज्ड टु सिट. देन वी हॅड कन्व्हिन्स्ड हर.'

इंग्रजी कानाला हे कसं लागतं? पाणी आलेलं होतं, आम्ही वर गेलेलो होतो, होडी आलेली होती... बरं, मग? ऐकणारा मुख्य गोष्ट सुरू व्हायची वाट बघत राहतो. सगळंच आधी घडून गेलेलं, आणि ते कशाच्या आधी हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता माझा आवडता वाद. व्याकरणाच्या गल्लोगल्लीच्या पुस्तकात एक रोगी असतो, डॉक्टर येण्यापूर्वी मरणारा. त्याच्यावरून नियम शिकवतात: दोन क्रियांपैकी आधीच्या क्रियेला 'हॅड' लावा. हा नियम अर्धाच आहे. वाक्यात 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असेल तर क्रम त्या शब्दानेच कळतो, साधा भूतकाळ चालतो. आणि घडलं त्याच क्रमाने सांगत गेलात तर 'हॅड'ची गरजच पडत नाही. पाणी आलं, आम्ही वर गेलो, होडी आली: केम, वेंट, केम. 'हॅड' लागतो तो सांगणारा मागे वळतो तेव्हा. गोष्ट पुढे जात असताना, आधी घडलेलं पण अजून न सांगितलेलं काहीतरी काढायचं असतं तेव्हा. पण क्लासवाले सांगतात, 'प्रत्येक उत्तरात तीन हॅड टाका, बँड वाढतो.' गुणांच्या निकषांत अमुक काळ इतक्या वेळा वापरा, असं कुठेही लिहिलेलं नाही. वाक्यरचनेत विविधता हवी आणि चुका कमी हव्यात, असं आहे. मी हे सांगून थकलो.

मात्र पहिल्या 'हॅड'चा दोष क्लासचा नाही, तो आपल्या मराठीचा आहे. आपण गोष्ट कशी सुरू करतो? 'गेल्या वर्षी आम्ही कोकणात गेलो होतो. तिथे एक म्हातारा भेटला. त्याने विचारलं...' पहिल्या वाक्यात पूर्ण भूतकाळ, पुढे साधा. ते 'होतो' कशाच्या आधी वगैरे काही सांगत नाही. एवढंच सांगतं की ही गोष्ट जुनी, झाली-गेली, आजशी तिचा धागा तुटलेला. 'पाणी आलं' म्हणजे बादली घेऊन पळा. 'पाणी आलं होतं' म्हणजे आता गेलंय. तेव्हा 'फ्लड हॅड कम' ही या मुलीची मराठीशी इमानदारी होती. मराठी मात्र पहिल्या वाक्यानंतर साध्या भूतकाळावर येते. पुढचे पाच 'हॅड' क्लासचे.

मी तिला कागदावर आडवी रेघ मारायला लावली. डावीकडून उजवीकडे: पाणी, वरचा मजला, होडी, आजीचा नकार, नऊ दिवसांनी परत येणं. पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत, एका मिनिटात पाचच शब्द. मग विचारलं, यातलं तुला कुठलं उशिरा कळलं?

ती जरा थांबली. म्हणाली, 'बरण्या.'

परत आले तेव्हा खालचं स्वयंपाकघर चिखलाने भरलेलं. पण लोणच्याच्या चार बरण्या खिडकीच्या वरच्या गजांना जुन्या नऊवारीने घट्ट बांधलेल्या, फडकी जागच्या जागी. पाणी चढत असताना सगळे वर सामान नेत होते, आणि आजी खाली एकटीच हे करत बसली होती. म्हणून होडीत बसायला तिचा पाय निघत नव्हता. ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

म्हटलं, हा तुझा 'हॅड'. बाकीचे काढून टाक. मग ती अशी बोलली: 'द वॉटर केम अ‍ॅट नाइट. वी वेंट अपस्टेअर्स. इट वॉज स्टिल रेनिंग व्हेन द बोट अराइव्ह्ड, बट माय ग्रँडमदर रिफ्यूज्ड टु गेट इन.' आणि शेवटी, 'व्हेन वी केम बॅक, वी फाउंड हर पिकल जार्स. शी हॅड टाइड देम टु द विंडो.' पावसाला चालू काळ, कारण तो मागे पडतच होता. कृतींना साधा. 'हॅड' एकच, आणि त्या एका शब्दावर ऐकणारा आजीबरोबर त्या खालच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन येतो.

दुसऱ्या खेपेला तिला साडेसहा पडले. अर्धा गुण वाढला तो त्या रेघेने, उच्चाराने की परीक्षक बदलल्याने, मला सांगता येणार नाही. क्लासच्या भिंतीवर तिचा फोटो नाही.

तिचा फोन मात्र निकालाच्या आधीच आला होता, परीक्षा झाली त्याच संध्याकाळी. गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली. मग परीक्षकांनी विचारलं, आजी अजून लोणचं घालते का?

'आणि सर, मी म्हटलं, नो, शी हॅड डाइड. परत हॅड लागला.'

आजी पुरानंतर वर्षभरात गेली, हे मला तेव्हा कळलं. तरी सवयीने मी म्हटलंच, 'अगं, शी डाइड. नुसतं डाइड.'

'माहितीय सर,' ती म्हणाली. 'पण नुसतं डाइड म्हटलं की आत्ताच गेल्यासारखं वाटतं.'