जेवणानंतरचं बसणं

लेकीकडे माद्रिदला गेले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी शेजारणीने जेवायला बोलावलं. जेवण अडीच वाजता सुरू झालं. उष्टी ताटं ४८ मिनिटांच्या आत धुवायची आपली सवय, म्हणून शेवटचा घास संपताच मी उठले. शेजारीण हसून म्हणाली, "बसा, आता तर सोब्रेमेसा!"

'सोब्रे' म्हणजे वर, 'मेसा' म्हणजे टेबल. ताटं उचलली गेली, गोड झालं, मग कॉफी आली. सासू, सुना, मुलं सगळी तिथेच बसून बोलत राहिली. साडेचार वाजले तरी कोणी उठेना.

लेकीने नंतर समजावलं, की हे गप्पा रंगल्या म्हणून बसणं नव्हे, तो तिथला रिवाजच आहे. हॉटेलातसुद्धा मागितल्याशिवाय बिल सहसा आणत नाहीत, कारण तसं करणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. टीव्हीवर दुपारच्या जेवणानंतरच्या कार्यक्रमांच्या वेळेलाही सोब्रेमेसाच म्हणतात.

माझं ताट मी वेळेत धुतलंच. पण हात पुसून परत येऊन बसले. घरी आयुष्यभर तेवढंच राहून गेलं होतं.