कोयनेच्या लघुपटातील भूतकाळ

मु. सांगली

चिरंजीव बाळास,

साताऱ्याहून तू पाठविलेली बारा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा लक्षपूर्वक वाचली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप भोगलेली आजी आणि तिला नव्या घरी आणणारा नातू, हा विषय तू आपल्याच मुलखातून निवडलास, याचा मनापासून संतोष वाटला. परंतु भूतकाळात जाणारे तीन प्रसंग तू योजिले आहेत, त्यांपैकी एकच ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

तुझ्या मसुद्यात पहिल्याच मिनिटाला भूकंप होतो. त्या वेळी प्रेक्षकाला आजीची ओळख नाही आणि तिची अडचणही ठाऊक नाही. मग कोसळणारे घर कोणाचे आणि ते आताच का दाखविले, हे त्याला कसे उमगावे? आधी दोन-तीन मिनिटे वर्तमानातच राहा. ऐन थंडीत नातू पक्क्या खोलीत अंथरूण घालतो, आजी ते मुकाट्याने उचलून ओसरीवर नेते, तो चिडतो, तरी ती उत्तर देत नाही. ही आत का निजत नाही, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात पुरता रुजला म्हणजेच मागे जाण्याचा अधिकार तुला प्राप्त होतो.

त्यानंतर रात्री रस्त्याने भरलेला ट्रक जावा आणि फळीवरचे पेले किणकिणावेत. चित्र आजीच्या चेहऱ्यावरच स्थिर ठेव; ट्रकचा आवाज विरावा, किणकिण मात्र वाढत जावी, आणि ती चालू असतानाच चिमणीच्या उजेडातले कौलारू घर दिसावे. तरुणपणीची आजी ओळखू यावी म्हणून तिच्या हनुवटीवरचे गोंदण आधीच्या दृश्यात जवळून दाखव. नुसते रंग काढून चित्र कृष्णधवल केल्याने काळ पालटल्याचे कळते, पण कोणाच्या स्मृतीत आणि कशामुळे शिरलो, ते कळत नाही.

तुझ्या मसुद्यातला कोयना धरणावरील अभियंत्यांचा प्रसंग मात्र गाळ. भूकंपात धरणाला तडे गेले तरी ते टिकले, ही हकीकत खरी. परंतु आजीने ती पाहिलेली नाही, आणि तिने न पाहिलेले तिच्या आठवणीत घातले की ही आठवण कोणाची, असा संभ्रम उत्पन्न होतो.

वर्तमानात परतताना त्याच पेल्यांच्या किणकिणीवर परत ये. कुरोसावांच्या १९५० सालच्या ‘राशोमोन’मध्ये साक्षी परस्परविरुद्ध असूनही आपण वाट चुकत नाही, याचे एक कारण असे की कथा वारंवार पावसात उभ्या असलेल्या त्याच पडक्या वेशीपाशी येते. परतल्यावर वर्तमानात काही बदलले पाहिजे: नातवाने आपलेही अंथरूण ओसरीवर आणावे. तसे काहीच घडणार नसेल, तर भूतकाळात जाण्याऐवजी आजीच्या तोंडचे एक वाक्य पुरे होते.

संकलन झाल्यावर विषय ठाऊक नसलेल्या कोणास तरी चित्र दाखव, भूतकाळातल्या उडीपाशी थांबव, आणि हे घर कोणाचे व आताच का दिसले, एवढेच विचार. उत्तर आले नाही, तर सालाची पाटी लावून भागवू नकोस. दोष उडीच्या आधीच्या दृश्यात आहे, तेच पुन्हा लिही आणि मला धाड.

तुझा,
मामा