जो प्रश्न विचारायचा राहिला

नेवासा, रविवार रात्र

आदरणीय बाई,



गुरुवारी सुपरव्हिजनमध्ये माझी नोंद वाचून तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "यात तिची गोष्ट तीन पानं आहे, तू दोन ओळी आहेस. उलटं करून आण." म्हणून हे पत्र. ओळख पटेल असं सगळं यात बदललंय.

चाळिशीची बाई. झोप लागत नाही म्हणून यायची. नेवासं लहान, कोणी विचारलं तर बाजाराला आले म्हणता यावं म्हणून हातात कायम पिशवी. चौथ्या वेळी, निघायला दहा मिनिटं उरली असताना म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते. घरातलाच माणूस होता." मी विचारलं, मग काय झालं? किती दिवस? आईला सांगितलंत? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. पेल्याच्या काठावर फिरणारा तिचा अंगठा थांबला होता. नजर पंख्यावर, पापणी लवत नव्हती. मला वाटलं, आठवत असेल. खरं तर ती खोलीत उरलीच नव्हती.

उशिरा का होईना, लक्षात आलं. तिला नावानं हाक मारली, पाय फरशीवर दाबायला सांगितले, फरशी गार आहे का विचारलं, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायला लावली. पाचव्या वस्तूला ती माझ्याकडे बघून बोलली. त्या रात्री मात्र ती पहाटेपर्यंत जागीच होती.

तुम्ही विचारलंत, ते प्रश्न कुणाला हवे होते? मला. तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली, आणि तपशील मिळाला की काहीतरी करतेय असं वाटलं. ज्युडिथ हर्मन यांनी 1992 साली मांडलेला क्रम मी परीक्षेत लिहिला होता: आधी सुरक्षितता, आठवणी त्यानंतर. तिची झोप, तिचं घर, घाबरल्यावर ती कुणाकडे जाते, यातलं मला काहीच माहीत नव्हतं आणि मी थेट नवव्या वर्षात शिरले.

दुसरी चूक मला जास्त टोचते. इतकं विचारलं, पण एक विचारलं नाही: तो माणूस आज कुठे आहे, त्याच्या घरात लहान मुलं आहेत का? पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. तिच्यावरचा अत्याचार त्याआधीचा, त्यामुळे त्या कायद्यानं त्याची खबर देणं मला बंधनकारक नाही. तक्रार करायची की नाही, हे तिनं ठरवायचं. पण आज एखादं मूल त्याच्या तावडीत आहे असं कळलं, तर कलम 19 प्रमाणे मला पोलिसांना कळवावंच लागेल. आणि मी तर पहिल्याच दिवशी तिला सांगून बसले होते, "सगळं आपल्यातच राहील."

म्हणजे हा प्रश्न मला तसाच विचारता येणार नाही. आधी विचारलं आणि मग कायदा सांगितला, तर तिला वाटेल, हिनंही फसवलं. मंगळवारी ती आली की पहिल्या दहा मिनिटांतच माझं ते वाक्य दुरुस्त करीन: काय आपल्यात राहील, काय राहणार नाही. मग ती जेवढं सांगेल तेवढंच. शेवटची पंधरा मिनिटं तिच्या झोपेसाठी राखून ठेवते.

त्याआधी सोमवारी संध्याकाळी फोन करू का? ते दुरुस्तीचं वाक्य तुमच्यासमोर एकदा मोठ्यानं म्हणून बघायचंय.

आपली,
विद्यार्थिनी