पहाट गार, पण घड्याळ मागे का?

आमच्या घरात दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी चालू आहे. फजरची नमाज झाली की आम्ही दोघे भाऊ ताडकळसहून पूर्णेकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावायला निघतो. भरतीत १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत काढले तर २० पैकी २० गुण मिळतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा ५ किलोमीटर जोरात धावायचे, असा आमचा नेम. थंडीत धाकटा एका किलोमीटरला बरोबर ५ मिनिटे घ्यायचा.

मे महिन्यात हाच वेग ५ मिनिटे १० सेकंदांवर गेला. उन्हाळाच आहे, म्हणून आम्ही मनावर घेतले नाही. जूनच्या शेवटी पाऊस पडला आणि पहाट गार झाली. आता वेळ सुधारेल असे वाटत होते, पण घड्याळाने ५ मिनिटे १५ सेकंद दाखवले. धाकटा हट्टाला पेटला. पुढच्या वेळी त्याने ५ मिनिटांचाच वेग धरला आणि चौथ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसला. अंगावर काटा आला होता, डोके गरगरत होते. घरी येऊन म्हणाला, "अब्बा, माझ्याच्याने होत नाही. दुकानावर बसतो."

दोष त्याच्या पायांत नव्हता, हवेत होता. धावताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते, त्यातली जेमतेम पाव पायांच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळते, तेवढे स्नायूंना कमी पडते, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. घाम आला म्हणजे अंग थंड झाले असेही नाही. घाम वाळला तरच गारवा मिळतो. नुसता टपटप गळाला तर पाणी गेले, उष्णता आतच राहिली. मे महिन्यात आमच्याकडची हवा कोरडी असते, घाम वाळतो. पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेले असते, म्हणून बनियन पिळून निघते आणि अंग तापलेलेच राहते.

धावणाऱ्यांमध्ये यावर एक ठोकताळा चालतो. तापमान आणि दवबिंदू, दोन्ही सेल्सिअसमध्ये, यांची बेरीज करायची. दवबिंदू मोबाइलच्या हवामानात दिसतो. नुसता आर्द्रतेचा टक्का पाहू नका, तो तापमानाबरोबर बदलतो आणि फसवतो. बेरीज २० च्या आत असेल तर वेग तोच ठेवावा. ३७ ला वेळ २ टक्के वाढवावी, ४२ ला ३, ४८ ला साडेचार, ५३ ला ६ आणि ५९ ला ८ टक्के. ६४ च्या वर जोरात धावूच नये.

आता आमचेच गणित पाहा. मे महिन्यातली पहाट, तापमान २८, दवबिंदू १५, बेरीज ४३. साधारण ३ टक्के. पाच मिनिटांचे ३०० सेकंद, त्यात ९ वाढवले की ५ मिनिटे ९ सेकंद. जूनअखेरची पहाट, तापमान २५, दवबिंदू २३, बेरीज ४८. साडेचार टक्के म्हणजे साडेतेरा सेकंद, वेळ ५ मिनिटे १४ सेकंदांच्या आसपास. हवा तीन अंशांनी गार, तरी धावणे जास्त जड! धाकटा मागे पडलाच नव्हता. तो कागद पाहून अब्बा एवढेच म्हणाले, "मग दुकान राहू दे."

हा हिशोब सलग लांब धावण्यासाठी आहे. १६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपते, तेवढ्यात अंग फार तापत नाही, म्हणून तिथे आम्ही निम्मीच वाढ धरतो. शिवाय यात ऊन मोजलेले नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला तापमान ४१, दवबिंदू १२, बेरीज ५३ येते. पण डोक्यावरचे ऊन आणि खालचे तापलेले डांबर वेगळेच. त्या वेळी आम्ही घरीच थांबतो. उलट, दहा-चौदा दिवस रोज त्याच हवेत हळू धावले की शरीर थोडे सरावते, घाम लवकर सुटू लागतो आणि फरक कमी होतो. माणसामाणसात फरक असतो, म्हणून दम आणि ठोके काय सांगतात तेही पाहावे.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचे प्राण गेले. म्हणून ठरवलेल्या वेगावर अडून बसू नये. उकाड्यात अंगावर काटा येणे, थंडी वाजणे, चक्कर येणे दिसले की लगेच थांबावे, सावलीत यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मूल असंबद्ध बोलू लागले, पाय वेडेवाकडे पडू लागले, तर पाणी ओतत राहून तसेच दवाखान्यात न्यावे. "जरा पडू दे, बरे वाटेल" म्हणत वाट पाहू नये.

जुलै-ऑगस्ट आम्ही ५ मिनिटे १४ सेकंदांवरच काढले. धाकट्याला ते लाजिरवाणे वाटायचे, रस्त्यात कुणी ओळखीचे भेटले की उगाच वेग वाढवायचा. नोव्हेंबरात एका पहाटे बेरीज ३० वर आली. त्या दिवशी त्याने पाचही किलोमीटर ४ मिनिटे ५६ सेकंदांच्या वेगाने काढले आणि घरी येऊन अम्मीकडे दुसरी भाकरी मागितली.